ताणाचा आकडा आणि जाळीचा आकार

23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेमधल्या स्टावांगर शहराजवळच्या फ्योर्डमध्ये काँक्रीटचा एक अवाढव्य पाया हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. स्लाइप्नर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा हा पाया. वर बसणारा डेक सुमारे 57 हजार टनांचा होता आणि तो बसवण्याआधी पायात पाणी भरून तो खोल बुडवण्याची चाचणी चालू होती. सुमारे 65 मीटर खोलीवर आतून मोठा आवाज आला आणि पाणी आत घुसू लागले. पंप त्या पाण्याला पुरे पडेनात. माणसे वेळेवर बाहेर काढल्यामुळे जीवितहानी झाली नाही, पण पाया काही मिनिटांत तळाला गेला. तिथे त्याचे इतके तुकडे झाले की त्या धक्क्याची भूकंपमापकावर 3 रिश्टरची नोंद झाली. एकूण नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचे होते.

नॉर्वेतल्या सिंटेफ या संशोधन संस्थेने चौकशी केली. काँक्रीट हलक्या दर्जाचे नव्हते आणि समुद्रही शांत होता. चूक सापडली ती डिझाइनच्या गणितात. पायाच्या एका विशिष्ट भिंतीवर येणारा शिअर ताण संगणकाने प्रत्यक्षापेक्षा 47 टक्क्यांनी कमी दाखवला होता. त्या आकड्यावर विसंबून भिंत पातळ ठेवली गेली आणि तिच्यातल्या काही सळ्यांची टोकेही पुरेशी आतपर्यंत नेली गेली नाहीत. गणित ज्या पद्धतीने झाले ती आज प्रत्येक मोटार कंपनीत, पूल बांधणाऱ्या प्रत्येक कचेरीत आणि पुण्या-पिंपरीतल्या शेकडो डिझाइन विभागांत रोज वापरली जाते. तिचे नाव फायनाइट एलिमेंट पद्धत.

पद्धतीची मूळ कल्पना साधी आहे. वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूवर भार आला की तिच्यात कुठे किती ताण येईल, याचे एकसंध सूत्र बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून वस्तूचे छोट्या-छोट्या तुकड्यांत विभाजन करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक एलिमेंट, त्यांना जोडणारे बिंदू म्हणजे नोड आणि सगळे मिळून होते ती जाळी, म्हणजेच मेश. संगणक प्रत्येक नोड किती सरकला ते शोधतो. एलिमेंटच्या पोटातले विस्थापन मात्र तो शोधत नाही, ते एका ठरलेल्या नियमाने नोडवरून गृहीत धरतो. हा नियम सरळ रेषेचा असू शकतो किंवा वक्राचा. एलिमेंटचा प्रकार म्हणजे मुख्यतः हा नियम, आणि जाळीचा आकार म्हणजे तो नियम केवढ्या तुकड्यापुरता लागू करायचा ते अंतर. ताणाचा आकडा खरा की खोटा हे या दोन निवडींवर फार अवलंबून असते, कारण ताण हा विस्थापनाच्या बदलाच्या दरातून काढला जातो. विस्थापन सरळ रेषेत बदलते असे धरले, की ताण त्या तुकड्यात जवळजवळ एकसारखाच राहतो. खऱ्या वस्तूत तो तिथे झपाट्याने बदलत असेल, तर तो बदल गणिताला दिसतच नाही.

स्लाइप्नरच्या भिंतीत हेच घडले. त्या पायात 24 दंडगोल एकमेकांना चिकटून उभे होते. तीन दंडगोल जिथे भेटतात तिथे मध्ये एक त्रिकोणी पोकळी राहते. ही पोकळी वरून उघडी असल्याने तिच्यात समुद्राचे पाणी होते, तर शेजारचे दंडगोल तरंगण्यासाठी बरेचसे रिकामे ठेवलेले होते. त्यामुळे पोकळीच्या भिंतींवर एका बाजूने समुद्राचा सगळा दाब येत होता. 65 मीटर खोलीवर हा दाब दर चौरस मीटरला 65 टनांच्या वर जातो.

अशा भिंतीतला शिअर म्हणजे तिचा एक उभा थर शेजारच्या थरावरून घसरवू पाहणारा जोर. तो भिंतीच्या मध्यावर शून्य असतो आणि आधाराकडे जाताना वाढत जातो. आधारापाशी किती असावा, हे कागदावरही काढता येते. समजा भिंतीचा एक मीटर उंचीचा पट्टा घेतला आणि दोन आधारांमधले अंतर समजण्याच्या सोयीसाठी 4 मीटर धरले. 65 टन दराने एकूण भार 260 टन. दोन्ही टोकांना निम्मा-निम्मा, म्हणजे 130 टन. हा आकडा कुठल्याही जाळीवर अवलंबून नाही, तो केवळ समतोलाचा आहे. 47 टक्के कमी म्हणजे संगणक अशा ठिकाणी 70 टनांच्या आसपास सांगत होता. उरलेले 60 टन कुठे गेले, हा प्रश्न कोणी विचारला असता तर चूक तिथेच पकडली गेली असती.

चूक झाली कशी? भिंतीच्या जाडीत आणि आधारापाशी एलिमेंट फार मोठे होते आणि कोपऱ्यातल्या अडचणीच्या जागेत ते तिरके, ओढलेले बनले होते. त्यातून मिळालेले आतल्या बिंदूंवरचे आकडे भिंतीच्या टोकापर्यंत वक्राने वाढवून नेले गेले आणि तिथेच ते घसरले. अपघातानंतर त्याच भिंतीचे बारकाईने पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती. पद्धत खोटी नव्हती, ती वापरताना घेतलेली जाळी खोटी होती.

एलिमेंटच्या प्रकाराने काय होते, ते पाहायला मात्र एवढी मोठी वास्तू लागत नाही. पोलादाची एक सरळ पट्टी पुरे. लांबी 200 मिलिमीटर, रुंदी 25, जाडी 10. एक टोक धरून ठेवले आणि दुसऱ्या टोकाला 50 न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर दिला. पुस्तकातल्या सूत्राने पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावरचा ताण 120 मेगापास्कल येतो. हे उत्तर पक्के आहे, त्यात वाद नाही.

आता हीच पट्टी चार नोडांच्या साध्या चौकोनी एलिमेंटने मांडू. जाडीत एकच थर ठेवू आणि लांबीत पाच तुकडे, म्हणजे प्रत्येक एलिमेंट 40 बाय 10. संगणक ताण सांगतो 18 मेगापास्कल. खऱ्याच्या जेमतेम 15 टक्के. पट्टीचे वाकणेही खऱ्याच्या सातव्या हिश्शाएवढेच दिसते. लांबीत दहा तुकडे केले तर 50 येतात, वीस केले तर 89, चाळीस केले तर 110 आणि ऐंशी केले तर 117. प्रत्येक वेळी प्रोग्राम बिनतक्रार चालतो, एकही इशारा देत नाही आणि रंगीत चित्र तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. खरी पट्टी वाकते तेव्हा तिच्या कडा वक्र होतात. चार नोडांच्या एलिमेंटच्या कडा मात्र सरळच राहतात, कारण दोन नोडांमधला नियमच सरळ रेषेचा आहे. मग तो आयत वाकण्याऐवजी समलंब चौकोन बनतो, आणि तसे बनताना त्याच्यात असा शिअर निर्माण होतो जो खऱ्या पट्टीत अजिबात नसतो. दिलेली बरीचशी ऊर्जा या खोट्या शिअरमध्ये खर्च होते आणि एलिमेंट अवाजवी ताठ होतो. अभियंते याला शिअर लॉकिंग म्हणतात. हा खोटा ताठरपणा एलिमेंटच्या लांबी-उंचीच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो, म्हणून लांबट तुकड्यांनी इतकी वाताहत केली.

यावर सरळ उपाय म्हणजे कडेच्या मध्यावर आणखी एक नोड देणे. मग कड वक्र होऊ शकते. असा आठ नोडांचा द्विघाती एलिमेंट घेतला, तर वरच्या पट्टीसाठी एकच एलिमेंट 120 मेगापास्कल देतो. ऐंशी साध्या एलिमेंटना जे साधले नाही ते एकाला साधते. जिथे वाकणे हाच मुख्य प्रकार आहे तिथे जाळी बारीक करत बसण्याआधी एलिमेंट बदलून पाहावा, असा सल्ला म्हणूनच अनुभवी लोक देतात, आणि तो बरोबर आहे.

दुसरा उपाय स्वस्त वाटतो, पण तो जपून वापरावा लागतो. साध्या एलिमेंटचा ताठरपणा मोजताना संगणक त्याच्या पोटातल्या काही ठरावीक बिंदूंवर हिशेब करतो. चार बिंदूंऐवजी मध्यावरचा एकच बिंदू घेतला, तर तिथे खोटा शिअर शून्य असतो आणि लॉकिंग नाहीसे होते. अबॅकस या प्रोग्राममधला C3D8R हा घन एलिमेंट याच जातीचा. पण पट्टीच्या जाडीत असा एकच थर असेल, तर तो एकमेव बिंदू नेमका जाडीच्या मध्यावर येतो आणि वाकणाऱ्या पट्टीत मध्यावर ताण शून्य असतो. म्हणजे पट्टी वाकते आहे हे एलिमेंटला कळतच नाही. तो कसलाही प्रतिकार न करता विचित्र नागमोडी आकारात वाकतो. प्रोग्राम त्याला कृत्रिम ताठरपणा देऊन सावरतो, पण त्या सावरण्यातून आलेल्या ताणावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून असे एलिमेंट वापरताना जाडीत किमान चार थर ठेवण्याची पद्धत पडली आहे. कृत्रिम ऊर्जा एकूण ऊर्जेच्या किती टक्के आहे, हा आकडाही निकालात पाहायला मिळतो. तो फुगलेला दिसला की जाळी बदलायची.

कारखान्यातल्या बहुतेक सुट्या भागांना मात्र चौकोनी ठोकळ्यांत कापता येत नाही. ओतीव ब्रॅकेट, गिअरबॉक्सचे घर किंवा सस्पेन्शनची भुजा यांच्या वळणावळणांत आपोआप बसतो तो चार तोंडांचा त्रिकोणी पिरॅमिड, म्हणजे टेट्रा. बटण दाबले की जाळी तयार होते. चार नोडांच्या साध्या टेट्रामध्ये ताण संपूर्ण तुकड्यात एकच असतो. वाकणाऱ्या भागात हा एलिमेंट अतिशय ताठ वागतो. प्रत्येक कडेच्या मध्यावर नोड असलेला दहा नोडांचा टेट्रा वापरला तर गणिताला वेळ जास्त लागतो, पण ताण माणसात येतो. अबॅकसमध्ये पहिल्याचे नाव C3D4 आणि दुसऱ्याचे C3D10. ताणाच्या अहवालात मुख्य भागासाठी C3D4 दिसला, तर वाचणाऱ्याने तिथेच थांबून कारण विचारावे. पोकळ भरण्यापुरता किंवा ताण महत्त्वाचा नसलेल्या कोपऱ्यात तो चालून जातो, निर्णय घेण्याच्या जागी चालत नाही.

आता जाळीच्या आकाराकडे. यासाठी सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे भोक पाडलेला पत्रा, कारण त्याचे अचूक उत्तर 1898 पासून ठाऊक आहे. जर्मन अभियंता किर्श याने दाखवले, की रुंद पत्रा दोन्ही बाजूंनी ताणला तर त्यातल्या गोल भोकाच्या कडेवर ताण दूरवरच्या ताणाच्या तिप्पट होतो. दूरवर 80 मेगापास्कल असेल तर कडेवर 240. मात्र ही तिप्पट फार थोड्या जागेत असते. भोकाची त्रिज्या 10 मिलिमीटर असेल, तर कडेपासून अवघ्या 5 मिलिमीटर अंतरावर ताण दीडपटीवर उतरतो.

भोकाला लागून 5 मिलिमीटरचा एलिमेंट ठेवला आणि त्यात ताण एकसारखाच धरला, तर तो आपल्या मध्यावरचा, म्हणजे कडेपासून अडीच मिलिमीटर आतला ताण सांगेल. किर्शच्या सूत्राने तो 155 मेगापास्कल येतो. एलिमेंट अडीच मिलिमीटरचा केला तर 187, सव्वा मिलिमीटरचा केला तर 210 आणि त्याच्याही निम्मा केला तर 224. एलिमेंट स्वतः आदर्श वागतो असे धरले तरी केवळ आकारामुळे एवढा फरक पडतो. त्या पोलादाची मर्यादा 200 मेगापास्कल असेल, तर पहिल्या दोन जाळ्या भाग सुरक्षित म्हणतील आणि पुढच्या दोन नापास करतील. भाग तोच आणि भारही तोच.

या आकड्यांत एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. खऱ्या 240 पासूनची तूट 85, 53, 30 आणि 16 अशी उतरत गेली. शेवटी शेवटी तर एलिमेंट निम्मा केला की तूटही जवळजवळ निम्मी होते. याचा फायदा असा, की खरे उत्तर ठाऊक नसतानाही अंदाज बांधता येतो. शेवटच्या दोन जाळ्यांमधला फरक 14 आहे. तूट निम्मी होत असेल तर अजून तेवढेच उरले असणार. 224 अधिक 14 म्हणजे 238. अचूक उत्तर 240. जाळी आणखी बारीक करण्याचा खर्च न करताही उत्तर एका टक्क्याच्या आत आले. द्विघाती एलिमेंटमध्ये तूट याहून खूप वेगाने घटते. भोकाच्या पाव वर्तुळाला पाच-सहा असे एलिमेंट दिले आणि कडेकडे ते लहान होत आणले, तर उत्तर काही टक्क्यांच्या आत बसते.

अर्थात संपूर्ण पत्रा सव्वा मिलिमीटरच्या जाळीने भरण्याची गरज नसते. घन वस्तूत एलिमेंटची बाजू निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते आणि गणिताचा वेळ त्याहून जास्त वाढतो. म्हणून आधी मोठ्या जाळीने एकदा चालवून ताण कुठे वेगाने बदलतो ते पाहायचे आणि तेवढीच जागा बारीक करायची. लांबच्या भागात जाळी मोठी असली तरी बिघडत नाही, कारण तिथून फक्त भार नीट पोचण्याशी मतलब असतो. विस्थापन तर मोठ्या जाळीतही बऱ्यापैकी बरोबर येते. इथेच अनेकांची फसगत होते. टोक किती वाकले हे प्रयोगशाळेतल्या मोजणीशी जुळले, की ताणही जुळला असे मानले जाते. ताण विस्थापनाच्या एक पायरी मागून येतो, तेव्हा पहिला जुळल्याने दुसरा जुळत नाही.

एक जागा अशी आहे जिथे जाळी बारीक करून काहीच हाती लागत नाही. काटकोनात आत वळणारा, गोलाई नसलेला धारदार कोपरा. चित्र काढताना कोपऱ्यातली छोटी गोलाई वगळणे सोपे असते, आणि जाळीही सुटसुटीत होते. पण अशा कोपऱ्यात लवचिक सिद्धांतानुसार ताण अनंत असतो. एलिमेंट निम्मा केला की दर वेळी ताण साधारण 37 टक्क्यांनी वाढतो. पहिल्या जाळीत 100 आले तर पुढे 137, मग 188, मग 258, आणि हे कुठेच थांबत नाही. त्यातला कुठलाही आकडा त्या भागाचा ताण नव्हे, तो फक्त एलिमेंटच्या आकाराचा परिणाम आहे. वाढ थांबत नाही, हीच त्याची खूण. अशा वेळी खऱ्या भागावर असलेली गोलाई मॉडेलमध्ये घालावी आणि मगच तिच्यावर जाळी बारीक करावी. वेल्डच्या टोकापाशी तर गोलाईच नक्की नसते. तिथे वेल्डपासून ठरावीक अंतरांवरचे ताण घेऊन कडेपर्यंत वाढवण्याची प्रमाणित पद्धत वापरतात, आणि त्या पद्धतीत एलिमेंट किती मोठा असावा हेही ठरवून दिलेले असते.

मग जाळी पुरेशी आहे की नाही, हे निकाल हातात असताना कसे ओळखायचे? पहिली खूण पडद्यावर असूनही सहसा झाकलेली राहते. शेजारी असलेले दोन एलिमेंट एकाच सामाईक नोडवर वेगवेगळा ताण सांगतात. प्रोग्राम दोघांची सरासरी काढून गुळगुळीत रंग दाखवतो, म्हणून चित्र छान दिसते. ही सरासरी बंद केली की रंगांचे तुटक तुकडे समोर येतात. एका नोडवर एक एलिमेंट 150 म्हणतो आणि शेजारचा 210, असे असेल तर सरासरीच्या 180 ला काही अर्थ नाही, तिथे जाळी मोठी आहे. दोघांत पाच-सात टक्क्यांचाच फरक असेल तर ती जागा बरी आहे. मोकळ्या पृष्ठभागावर आणखी एक तपासणी होते. जिथे बाहेरून कसलाही दाब नाही तिथे पृष्ठभागाला लंब ताण शून्य यायला हवा. तो मोठा दिसत असेल तर त्याच जागेचा दुसरा ताणही तितकाच संशयास्पद.

दुसरी खूण समतोलाची. भिंतीवर, पट्टीवर किंवा नटबोल्टच्या जोडावर मधोमध एक छेद घ्यायचा, त्या छेदावरच्या ताणांची बेरीज करायची आणि ती बाहेरच्या भाराशी जुळते का ते पाहायचे. या तपासणीला पाटीवरचे गणित पुरते. स्लाइप्नरच्या भिंतीला हीच तपासणी लागू पडत होती. पुढे नवा पाया डिझाइन करताना नॉर्वेतल्या अभियंत्यांनी संगणकाच्या उत्तरांची वाट न पाहता हाताच्या गणिताने मापे ठरवायला सुरुवात केली आणि 1993 मध्ये नवा प्लॅटफॉर्म आपल्या जागी उभाही राहिला.

ताणाचा अहवाल ज्यांच्यासमोर सहीसाठी येतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतः जाळी विणायची नसते. तरीही त्यांनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: एलिमेंटचे नाव, शेवटच्या दोन जाळ्यांमधले कमाल ताणाचे आकडे आणि एका छेदावरचा हाताने केलेला समतोलाचा हिशेब. हे तिन्ही एका पानावर मावतात. ते पान नसेल, तर रंगीत चित्र कितीही देखणे असले तरी त्या अहवालावर सही करू नये.